लोणच्याच्या काचेच्या बरण्या घरातून कुरिअरने पाठवताना: खोका, लेबल आणि पिकअप

कपडे, मसाल्याची पाकिटं किंवा तूरडाळ पाठवणं फारसं अवघड नाही. जाड कुरिअर पिशवी आणि वाचता येईल असं लेबल असलं की माल पोचतो. अडचण होते ती काच आणि तेल एकाच खोक्यात आले की. बरणी फुटली किंवा नुसती झिरपली तरी फक्त आपली ऑर्डर वाया जात नाही. शेजारच्या गिऱ्हाइकांच्या साड्या, पुस्तकं तेलात भिजतात आणि पुढच्या वेळी कुरिअरवाला लोणचं म्हटलं की हात वर करतो. म्हणून इथे एकच पार्सल धरलं आहे आणि ते शेवटपर्यंत नेलं आहे: कैरीच्या लोणच्याच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन काचेच्या बरण्या, उदगीरहून ठाण्याला, पिकअप घरातून.

ठाणं निवडायचं कारण असं की पार्सल राज्यातल्या राज्यातच राहतं. लोणच्यासारखा करपात्र माल हैदराबाद किंवा बेंगळुरूला विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते, आणि कुरिअरच्या पोर्टलवर तो क्रमांक मागतात. उदगीर, देगलूर, बिलोली अशा सीमेजवळच्या तालुक्यांत हे आधीच लक्षात ठेवावं. बिदर हाकेच्या अंतरावर असलं तरी ते दुसरं राज्य आहे.

आधी माप, मग खोका

घरात पडलेला एखादा खोका उचलायचा आणि उरलेली जागा कागदांनी भरायची, ही सवय खिशाला फार महाग पडते. कुरिअर दोन वजनं काढतं. एक काट्यावरचं खरं वजन, दुसरं खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं, की किलोत उत्तर येतं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. पोस्टाच्या स्पीड पोस्टलाही हाच ५००० चा भाजक आहे. काही खासगी कंपन्या जमिनीवरून जाणाऱ्या मालाला ४५०० किंवा ४००० लावतात, म्हणून दर ठरवतानाच भाजक विचारून घ्यावा. त्यानंतर हे वजन टप्प्यात बसवतात. टप्पा बहुधा अर्ध्या किलोचा असतो. म्हणजे २ किलो १० ग्रॅम भरलं तर बिल अडीच किलोचं येतं.

आता आपलं पार्सल. अर्ध्या किलोची साधी गोल बरणी सुमारे साडेआठ सेंमी जाडीची आणि १२ सेंमी उंचीची असते. रिकामी बरणी झाकणासह २५० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे भरलेली एक ७५० ग्रॅम आणि दोन मिळून दीड किलो. बबल रॅपचे तीन वेढे दिल्यावर प्रत्येक बाजूला साधारण एक सेंमी वाढतो, म्हणून बरणी साडेदहा सेंमी जाड आणि १४ सेंमी उंच होते. दोन बरण्या शेजारी उभ्या ठेवल्या, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घातली आणि चारही बाजूंना, वर आणि खाली दोन ते तीन सेंमी जागा सोडली, तर खोका आतून साधारण २७.८ बाय १५.८ बाय १८ सेंमी लागतो. फाइव्ह-प्लाय, म्हणजे पाच थरांच्या, पुठ्ठ्याची जाडी आणि वर-खाली दुहेरी पडणाऱ्या पाकळ्या धरून बाहेरचं माप होतं २९ बाय १७ बाय २०.

२९ × १७ × २० म्हणजे ९८६०. भागिले ५०००, उत्तर १.९७ किलो. काट्यावर पाहिलं तर दीड किलो बरण्या, पाव किलोच्या थोडा वर खोका, आणि बबल रॅप, कागद, टेप मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम, एकूण १ किलो ९०० ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. दोन्ही वजनं दोन किलोच्या टप्प्यात बसली.

आता खोका फक्त एक सेंटिमीटर उंच घ्या. २९ × १७ × २१ म्हणजे १०३५३, वजन २.०७ किलो, बिल अडीच किलोचं. माल तोच, बरण्या त्याच. आत कागद जास्त कोंबल्यामुळे वरचं झाकण फुगलं तरी हेच होतं, कारण हबमधलं, म्हणजे पार्सलं वाटून पुढे पाठवणाऱ्या केंद्रातलं, मोजणारं यंत्र फुगवट्याचं टोक पकडतं. आणि घरातला ३५ × २५ × २५ चा खोका वापरला तर हिशेब ४.३८ किलोवर जातो, म्हणजे साडेचार किलोचे पैसे. शिवाय एवढ्या मोठ्या खोक्यात बरण्या हलतात, म्हणजे पैसे जास्त जाऊन सुरक्षितता कमीच होते. म्हणून नेहमीच्या ऑर्डरीप्रमाणे दोन किंवा तीन मापांचे खोके ठरवून घ्यावेत: एक बरणी, दोन बरण्या, चार बरण्या. छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि चिखलठाणा औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारे आहेत, ते मापाप्रमाणे करून देतात. कमीत कमी किती नग घ्यावे लागतील ते आधी विचारावं आणि दोघा-तिघा विक्रेत्यांनी मिळून मागवावेत. माप सांगताना आतलं की बाहेरचं हे स्पष्ट बोलावं. खोकेवाले बहुधा आतलं माप धरतात, कुरिअर बाहेरचं मोजतं.

काचेसाठी खोका फाइव्ह-प्लायच हवा. थ्री-प्लायचा खोका हलका असतो, पण पोत्यात इतर पार्सलांखाली दबला की कोपरे बसतात आणि आतली सोडलेली जागा संपते. किराणा दुकानातून आणलेला बिस्किटाचा खोकाही नको. एकदा वापरलेल्या पुठ्ठ्याच्या आतल्या लाटा आधीच चेपलेल्या असतात, बाहेरून तो धडधाकट दिसला तरी.

बरणी काचेचीच हवी का, हेही एकदा ठरवून टाकावं. खाण्यासाठीची म्हणून विकली जाणारी पेट प्लास्टिकची बरणी चाळीसेक ग्रॅमची असते, फुटत नाही आणि तिच्या तोंडावर फॉइलचं सील बसवता येतं. भेट म्हणून जाणाऱ्या ऑर्डरीला काच आणि रोजच्या ऑर्डरीला पेट, अशी विभागणी आम्हाला योग्य वाटते.

बरणी बंद करणं

लोणच्याची पार्सलं फुटण्यापेक्षा झिरपून जास्त खराब होतात, आणि झिरपण्याचं मूळ बहुतेक वेळा बरणीच्या काठावर असतं.

लोणचं भरताना वर दीड सेंमी जागा मोकळी ठेवा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो आणि बंद गाडीत त्याहून जास्त तापतं. सकाळी २५ अंशांना भरलेली बरणी दुपारी ४५ अंशांपर्यंत तापली तर तेल सुमारे दीड टक्क्याने फुगतं. अर्ध्या लिटरला ते चहाचा एक मोठा चमचा भरेल एवढं होतं, आणि झाकणाखालची हवाही फुगून तेलाला बाहेर ढकलते. काठोकाठ भरलेल्या बरणीत त्या तेलाला जायला एकच वाट उरते, झाकणाच्या आट्यांतून वर.

भरून झालं की बरणी तासभर स्थिर ठेवा, म्हणजे फोडींत अडकलेली हवा वर येते आणि तेल खाली बसतं. मग काठ पुसा. इथे घाई करू नका. कोरड्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने आधी काठाची वरची कड, मग बाहेरच्या आट्या, मग मानेच्या खालचा गोलावा पुसायचा. एकदा पुसून झाल्यावर फडक्याचा स्वच्छ भाग घेऊन पुन्हा फिरवा आणि फडक्यावर पिवळा डाग उमटतो का पाहा. उमटला तर तिसऱ्यांदा. मोहरीच्या डाळीचा एखादा कण काठावर राहिला तर झाकणाच्या आतलं रबरासारखं अस्तर तिथे टेकत नाही, आणि केसाएवढ्या त्या फटीतून रात्रभरात खोक्याचा तळ ओला होतो.

झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून वरून झाकण दाबण्याची पद्धत घराघरांत आहे. घरच्या घरी ती चालते, पार्सलला चालत नाही. त्या कागदाला सुरकुत्या पडतात, प्रत्येक सुरकुती ही तेलाला मिळालेली नळीच असते, आणि अस्तर काचेला भिडत नाही. पत्र्याचं अस्तरवालं झाकण नवंच वापरा, थेट काचेवर घट्ट बसवा.

झाकण बसल्यावर झाकण आणि काच यांच्या सांध्यावरून पारदर्शक टेपचे दोन वेढे द्या. टेप वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे झाकण ज्या दिशेने घट्ट होतं त्याच दिशेने ओढत गुंडाळायची. उलट दिशेने ओढली तर टेपच झाकण सैल करते.

यानंतर बरणी उलटी करून तपकिरी कागदावर रात्रभर ठेवा, शक्यतो घरातल्या उबदार जागी. सकाळी कागदावर पारदर्शक गोल डाग दिसला तर ती बरणी उघडून पुन्हा पुसायची आणि झाकण बदलायचं. एका वेळी ठेवलेल्या बरण्यांतल्या बऱ्याच झिरपल्या तर दोष झाकणांच्या त्या गठ्ठ्यात आहे असं समजावं.

उरलेला विमा म्हणून प्रत्येक बरणी वेगळ्या जाड प्लास्टिक पिशवीत घाला, सोबत टिश्यू पेपरचे दोन-तीन तुकडे टाका आणि पिशवी सीलिंग मशीनने किंवा टेपने बंद करा. दोन्ही बरण्या एकाच पिशवीत घालू नका. एक झिरपली तर दुसरीचं लेबलही तेलात जातं आणि ती विकण्याजोगी राहत नाही.

बरणीवरच्या लेबलाबद्दल थोडक्यात: मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, तुमचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक. हे पार्सलच्या लेबलपेक्षा वेगळं आहे, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

खोका भरणं

बबल रॅप एका बरणीला ९० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद लागतो. फुगे आतल्या बाजूला, काचेकडे ठेवा. बरणी तुकड्याच्या मधोमध आडवी ठेवून गुंडाळली की तीन वेढे होतात आणि वर-खाली साधारण नऊ-नऊ सेंमी जास्तीचा भाग उरतो. तो आत दुमडून टेपने बांधा. बुडाला दुमडलेला हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण काचेची बरणी सहसा बुडाच्या कडेला तडकते.

खोक्याच्या तळाशी दोन सेंमीचा थर हवा. नुसते वर्तमानपत्राचे बोळे पहिल्या धक्क्यात चपटे होतात. जुन्या खोक्यांचे तळाच्या मापाचे दोन तुकडे कापून खाली घाला आणि त्यावर घट्ट चुरगाळलेल्या कागदाचा थर दाबून बसवा. वर्तमानपत्र इथे चालतं, कारण अन्नाला ते लागत नाही. कडबा, भुसा, तांदळाचं तूस घालू नका. त्यात किडे येतात आणि शहरातला गिऱ्हाईक खोका उघडताच तक्रार करतो.

बरण्या उभ्या ठेवा, मध्ये १५ बाय १५ सेंमीची पुठ्ठ्याची पट्टी उभी घाला. ही पट्टी कधीही टाळू नका. बबल रॅप असूनही दोन बरण्या एकमेकींवर आपटत राहिल्या तर मधले फुगे दोन दिवसांत फुटून बसतात. चारही बाजूंच्या फटींत कागद वरून खाली दाबत भरा, बोटाने दाबल्यावर मागे यायला हवा इतका घट्ट. मग बिल आणि एका चिठ्ठीवर दोन्हीकडचे पत्ते व फोन लिहून आत ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं किंवा तेलाने पुसलं गेलं तर हबमध्ये पार्सल उघडतात, आणि तेव्हा ही चिठ्ठीच ते परत मिळवून देते. वर पुन्हा दोन सेंमीचा थर द्या, खोक्याच्या काठाशी बरोबर समतल. जास्त भरला तर फुगवटा येतो आणि वर सांगितलेला अडीच किलोचा हिशेब लागू होतो.

सोबत प्रेमाने शंभर ग्रॅम पापडाचं पाकीट टाकायचं असेल तर आधी काट्यावर पाहा. आपल्या पार्सलात दोन किलोला जेमतेम तेवढीच जागा उरली आहे.

टेप ४८ मिमी रुंदीची, तपकिरी किंवा पारदर्शक. लावण्याआधी खोका कोरड्या फडक्याने पुसून घ्या; उन्हाळ्यात इथल्या धुळीवर टेप चिकटल्यासारखी दिसते आणि गाडीत तापली की सुटते. आधी मधल्या फटीवरून एक पट्टी, दोन्ही टोकांना सहा-सहा सेंमी खाली उतरवून. मग दोन्ही आखूड कडांवर एक-एक, म्हणजे वरून इंग्रजी एच अक्षर दिसतं. तळालाही तसंच. पट्टी लावल्यावर तळहाताने दाबून घासा. एका खोक्याला जवळपास दोन मीटर टेप जाते, त्यामुळे ६५ मीटरच्या रोलमध्ये तीसेक पार्सलं होतात. सुतळीने बांधू नका. ती कन्व्हेअरच्या पट्ट्यात अडकते, म्हणून बरेच कुरिअर अशी पार्सलं घेत नाहीत. पावसाळ्यात बंद केलेला खोका जाड कुरिअर पिशवीत घाला आणि लेबल पिशवीवर लावा, कारण पुठ्ठा ओलसर हवेतही ताकद गमावतो, भिजावाच लागतो असं नाही.

एकदा आपटून पाहा

ठरवलेलं पॅकिंग गिऱ्हाइकावर तपासू नये. बरणीत लोणच्याऐवजी मीठ-पाणी भरून वजन सारखं करा, पार्सल पूर्ण बंद करा आणि कठीण फरशीवर ७६ सेंमी उंचीवरून सोडा. पॅकिंगच्या चाचण्यांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरली जाणारी इस्टा १-ए ही पद्धत दहा किलोच्या आतल्या पार्सलला हीच उंची धरते, आणि दहा वेळा सोडायला सांगते: आधी एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, शेवटी सहाही बाजूंवर. कोपरा निवडताना तळाचा, जिथे खोक्याचा जोड आहे तो घ्या, तो सगळ्यात कमजोर असतो.

दहा वेळा झाल्यावर खोका हलवून ऐका, मग उघडा. काच शाबूत असणं पुरेसं नाही. बरणी मूळ जागेवरून सरकली का, तळाचा थर किती बसला, झाकण फिरलं का, पिशवीत ओल आहे का, हे सगळं पाहायचं. बरणी एखाद्या बाजूला खोक्याला टेकलेली दिसली तर तिथला भराव वाढवा आणि पुन्हा नवा खोका घेऊन चाचणी करा. बरणीचा आकार, खोकेवाला किंवा बबल रॅपचा रोल बदलला की ही चाचणी परत करावी लागते. ‘काच आहे, सांभाळून’ असं स्टिकर जरूर लावा, पण ते कोणी वाचणार नाही असं धरूनच पॅकिंग करा. हजारो पार्सलांच्या ढिगात प्रत्येक स्टिकर पाहायला कोणाला सवड नसते.

लेबल

लेबलावर सगळ्यात मोलाचा आकडा पिनकोडचा. यंत्रं पार्सलची वाट पिनकोडवरून ठरवतात, गावाच्या नावावरून नव्हे. मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी काही कंपन्यांच्या याद्यांत जुनीच नावं निघतात, आणि पिंपळगाव, वडगाव, टाकळी अशी नावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा आणि पिन चारही असू द्या. उदगीरचा पिन ४१३५१७ आणि लातूर शहराचा ४१३५१२. एका अंकाच्या गफलतीने परत आलेलं पार्सल आधी लातुरात फिरत बसतं. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला पत्ता जसाच्या तसा चिकटवू नका, पिन आणि शहर जुळतात का ते पाहा आणि जवळची एक खूण विचारून घ्या. लेबलावरचा पत्ता इंग्रजीत असावा, कारण बाहेरगावच्या हबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला देवनागरी वाचता येईलच असं नाही.

लेबलाचं नेहमीचं माप ४ बाय ६ इंच, म्हणजे १० बाय १५ सेंमी. रोज पाच-सात पार्सलांच्या वर काम गेलं की थर्मल प्रिंटर घ्यावा. त्याला शाई लागत नाही. छापताना प्रिंटच्या खिडकीत `Actual size` निवडा. `Fit` ठेवलं तर बारकोड आक्रसतो आणि स्कॅनर तो वाचत नाही. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो, म्हणून रोल आणि छापलेली लेबलं खिडकीतल्या उन्हात किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तेलकट हात लागला तर अक्षरं फिकट होतात. त्यावर टेपही लावू नका. टेपच्या डिंकानेही काही दिवसांत छपाई उडते.

साध्या कागदावर छापत असाल तर लेझर छपाई घ्या. इंकजेटची शाई पहिल्या सरीत वाहून जाते. कागद कापून पारदर्शक पाकिटात, म्हणजे ज्याला कुरिअर पिशवीवाले पीओडी जॅकेट म्हणतात त्यात घाला. टेपच लावायची झाली तर पत्त्यावर लावा, बारकोडवर नको; चकाकीमुळे स्कॅनर अडखळतो.

लेबल खोक्याच्या वरच्या बाजूला लावा. बाजूला लावलं तर स्कॅन करणारा पार्सल आडवं करतो आणि बरण्या तशाच आडव्या प्रवास करतात. आपल्या खोक्याचा माथा २९ बाय १७ चा आहे आणि मधोमध पाकळ्यांची फट जाते, त्यामुळे १० सेंमी रुंद लेबल फटीवर येणारच. ते थोडं एका बाजूला सरकवून असं लावा की बारकोड फटीच्या अलीकडे सपाट पुठ्ठ्यावर राहील. फटीवर बारकोड आला तर दाबामुळे तिथे घडी पडते आणि रेघा तुटतात. जुना खोका किंवा पिशवी वापरत असाल तर आधीचा प्रत्येक बारकोड काळ्या मार्करने खोडा.

पिकअप

बुकिंगआधी दोन्ही पिन तपासा: तुमच्याकडून उचलणार का आणि तिकडे पोचवणार का. आगाऊ पैसे भरलेल्या आणि घरपोच पैसे घेणाऱ्या ऑर्डरीसाठी उत्तर वेगळं येऊ शकतं. जिल्ह्याच्या आणि मोठ्या तालुक्याच्या गावी पिकअप मिळतो, आजूबाजूच्या खेड्यांत बहुधा नाही. तिथे पार्सल तालुक्याच्या शाखेत नेऊन द्यावं लागतं किंवा पोस्टाचा आधार घ्यावा लागतो. स्पीड पोस्टच्या पावतीवरचा क्रमांक १३ खुणांचा असतो: सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी `IN`. गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी मोजून घ्या.

बुकिंग करताना वजन आणि मापं खरी टाका. अर्धा किलो लिहून पार्सल पुढे सरकेल, पण हबमध्ये ते मोजलं जातं आणि फरकाची रक्कम तुमच्या वॉलेटमधून कापली जाते. उलटही होतं: खरं माप टाकूनही जास्त वजन लावलं जातं. त्यासाठी प्रत्येक पार्सलचे चार फोटो काढायची सवय लावा: काट्यावर ठेवलेलं पार्सल, लेबल आणि आकडा एकाच चौकटीत दिसेल असं, आणि लांबी, रुंदी, उंचीवर लावलेला मापाचा टेप. हरकत घ्यायची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून पोर्टलवरचं वजनाचं पान आठवड्यातून दोनदा उघडावं. मालाच्या रकान्यात ‘कैरीचं लोणचं, खाद्यपदार्थ’ असंच लिहा. नुसतं ‘गिफ्ट’ लिहिलं तर नुकसानीचा दावा पहिल्याच पायरीवर अडतो. तेलकट आणि काचेच्या मालाला विमानाचा पर्याय घेऊ नका, जमिनीवरून पाठवा. विमानतळावर असा माल अडकून पडतो. सोमवार ते गुरुवार पाठवलेलं बरं. शनिवारचं पार्सल रविवारभर कुठल्यातरी तापलेल्या गोदामात बसून राहतं.

लेबलं आदल्या रात्री छापा, कारण सकाळी वीज गेली तर पिकअपवाला थांबत नाही. पिकअपच्या पत्त्यात खूण आणि घरात कायम कोणीतरी उचलेल असा दुसरा फोन द्या. माणूस आला की पार्सल हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. त्याने प्रत्येक बारकोड स्कॅन केलेला डोळ्यांनी पाहायचा. ‘ताई, रेंज नाही, ऑफिसला गेल्यावर मारतो’ असं म्हणाला तर पार्सलांच्या क्रमांकांची यादी दोन प्रतींत काढून एकीवर त्याची सही, वेळ आणि नाव घ्या. स्क्रीनवर `Out for Pickup` दिसणं म्हणजे माणूस निघाला एवढंच. `Picked Up` आलं की जबाबदारी कुरिअरची. रात्रीपर्यंत ते आलं नाही तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा, यादीचा फोटो जोडून. कधी माणूस आलेलाच नसतो आणि ‘विक्रेता तयार नव्हता’ असं लिहून येतं. तेव्हा तयार पार्सलांचा वेळ दिसणारा फोटो आणि फोनवरच्या कॉलची नोंद उपयोगी पडते.

पोत्यात पार्सलं भरताना काचेचा खोका शेवटी द्या, म्हणजे निदान घरापासून शाखेपर्यंत तो वर राहतो.

पोचेपर्यंत आणि परत आलं तर

काचेच्या लोणच्याला घरपोच पैशांची सोय देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाइकाने दारात नाकारलं तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं तुमच्या माथी येतं, आणि पंधरवडाभर उन्हात फिरलेली बरणी दुसऱ्याला विकता येत नाही. द्यायचीच झाली तर पाठवण्याआधी फोन करून पत्ता आणि घरी असण्याची वेळ पक्की करा आणि भाड्याएवढी रक्कम आधी घ्या. ‘पोचवता आलं नाही’ असा शेरा दिसला की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन करून पोर्टलवर पुन्हा प्रयत्नाची सूचना टाका. काही प्रयत्नांनंतर पार्सल आपोआप परत फिरतं.

अनेक कुरिअर काच आणि पातळ माल नुकसानभरपाईतून वगळतात, ती अट बुकिंगआधी वाचा. भरपाई मिळणार नसेल तर फुटीचा खर्च बरणीच्या किमतीतच धरावा आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगावं: उघडतानाचा व्हिडिओ चोवीस तासांत पाठवला तर बरणी बदलून मिळेल.

तक्रार आली की फुटलेल्या बरणीचा फोटो पुरत नाही. खोक्याच्या सहाही बाजू, आतला भराव आणि बुडाचा फोटो मागवा, कारण दोष कुठे होता ते तिथेच कळतं. काच शाबूत आणि पिशवीत तेल असेल तर काठ किंवा झाकण. बुडाला गोल तडा असेल तर तळाचा थर बसला. दोन्ही बरण्या समोरासमोरच्या बाजूंनी तडकल्या असतील तर मधली पट्टी नव्हती किंवा ती आडवी पडली. खोक्याचा कोपरा आत गेला असेल आणि त्याच बाजूची बरणी फुटली असेल तर पुठ्ठा कमी पडला. खोका बाहेरून कोरडा, चौकोनी आणि आत काचेचा चुरा असेल तर वरचा थर कमी होता, बरणी प्रवासभर उड्या मारत गेली. फोटोंवर तारीख आणि त्या गठ्ठ्यातल्या खोक्याचा, झाकणांचा पुरवठादार लिहून ठेवा. एकाच झाकणवाल्याचं नाव तिसऱ्यांदा आलं की उरलेली झाकणं त्याला परत करा.